कपालेश्वरासमोरचा नंदी आणि चित्र ‘लिहिण्या’चा वाद

मिलिंद आणि वैशाली यांच्यात वाद पेटला तो एका दिनदर्शिकेच्या चित्रावरून. मिलिंदचं नाशिकमध्ये डिझाइनचं छोटं दुकान आहे. द्राक्षांच्या खोक्यांवरची लेबलं, लग्नपत्रिका आणि दिवाळी जवळ आली की दिनदर्शिका, असं त्याचं काम. वैशाली शाळेत चित्रकला शिकवते आणि दरवर्षी मुलांना एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसवते. दोघं एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे एकमेकांची भीड कुणी ठेवत नाही. एका गिऱ्हाइकाला ‘आपलं नाशिक’ अशी दिनदर्शिका हवी होती. त्यातलं पंचवटीचं पान मिलिंदने संगणकाला वर्णन लिहून देऊन तयार करवलं होतं. उंच पायऱ्या, वर शंकराचं देऊळ, खाली नदी आणि देवळासमोर छान घडवलेला नंदी.

वैशालीने पान पाहिलं आणि विचारलं, “अरे, हा कपालेश्वर ना? मग नंदी कुठून आला?”

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. रामकुंडासमोरच्या कपालेश्वराच्या देवळात नंदी नाही, आणि ही त्या देवळाची ओळखच आहे. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटायला गोदावरीत स्नान कर, हा मार्ग शंकराला नंदीने दाखवला. म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि ‘तू माझ्यासमोर बसू नकोस’ असं सांगितलं, अशी कथा आहे. गावातल्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक असते.

“मी लिहिलं होतं, नंदी नको म्हणून,” मिलिंद म्हणाला.

“लिहिलं होतंस. काढलं नव्हतंस.”

पुढे बराच वेळ जे बोलणं झालं ते सगळं या दोन वाक्यांतच होतं. चित्राचं वर्णन लिहिणं, म्हणजे ज्याला आता सगळे प्रॉम्प्ट म्हणतात, ही निर्मिती की नुसती ऑर्डर? मी त्या दोघांचा मित्र, वादात अधूनमधून तोंड घालणारा. हे टिपण त्या वादामागच्या गोष्टींबद्दल आहे, कारण हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. तो फार जुना आहे, आणि त्याचं एक टोक तर नाशिकच्याच डोंगरात कोरलेलं आहे.

पेपर काढणारा आणि पेपर सोडवणारा

वैशालीचा पहिला मुद्दा तिच्या रोजच्या कामातला होता. ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. प्रश्नपत्रिकेत प्रसंगाचं वर्णन छापलेलं असतं, समजा ‘बसथांब्यावर पावसात उभी असलेली माणसं’, आणि मुलं ते मनाने काढतात. “आता मला सांग,” ती म्हणाली, “ए ग्रेड मुलाला मिळते की पेपर काढणाऱ्याला?”

मिलिंदकडे उत्तर होतं. “पेपर काढणारा एकदा लिहून घरी जातो. मी तिथेच बसतो. आलेलं चित्र बघतो, वाक्य बदलतो, परत मागवतो, परत नाकारतो. तुझ्या वर्गात तू मुलाच्या मागे उभी राहून ‘छत्री मोठी कर, मागची माणसं लहान कर’ असं सांगत राहिलीस, तर चित्र कुणाचं?”

“तरी मुलाचंच. मी शिक्षिका.”

“आणि त्या मुलाच्या जागी यंत्र असेल तर?”

यावर ती गप्प राहिली. प्रश्न खरोखर अवघड आहे. जगात तो निरनिराळ्या रूपांत विचारला गेला आहे आणि उत्तरंही एकसारखी आलेली नाहीत.

पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बालश्रीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. ती गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं, असं त्यात लिहिलं आहे. लेख लांब आहे. मुलाच्या पराक्रमाचं वर्णन भरपूर, दानाचा उल्लेख स्पष्ट, पण खडकावर टाकी चालवणाऱ्या माणसाचं नाव त्यात नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लेणं ज्याने करवलं त्याचं.

मात्र महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या लेण्यांत उलटा पुरावाही सापडतो. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात कण्हाचा शिष्य बलुक याने ‘केलं’ असा लेख आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने ती ‘केली’ असं कोरलेलं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही नाव लावायच्या दोन पद्धती होत्या. देणाऱ्याचं नाव ‘दान’ म्हणून यायचं आणि करणाऱ्याचं ‘कतं’, म्हणजे ‘केलं’, म्हणून. दोन्ही नावं मानाचीच, पण त्यांची सरमिसळ कुणी करत नव्हतं. मिलिंदला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग मी दानवाला.” त्यावर वैशाली म्हणाली, “तू तर दानही केलं नाहीस, गिऱ्हाइकाकडून पैसे घेतलेस.”

कॅमेऱ्यापासून भिंतीपर्यंत

यंत्राने काढलेलं चित्र कुणाचं, हा प्रश्न कोर्टापर्यंत नेला फोटोग्राफीने. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली, आणि पुढची कित्येक वर्षं ‘हे तर सूर्यप्रकाश आणि रसायनं करतात, माणूस करतो काय?’ असं विचारलं जात होतं. १८५९ मध्ये फ्रेंच कवी बोदलेअरने लिहिलं की फोटोग्राफी हा जमलं नाही अशा चित्रकारांचा आसरा आहे, आणि तिने विज्ञानाची आणि कलेची दासी होऊन राहावं. प्रॉम्प्ट लिहिणाऱ्यांबद्दल आज जे बोललं जातं त्यातलं बरंचसं याच्याच शेजारी मांडता येईल.

निर्णायक खटला अमेरिकेतला आहे. नेपोलियन सॅरोनी या छायाचित्रकाराने १८८२ साली ऑस्कर वाइल्डचा फोटो काढला. एका लिथोग्राफ कंपनीने न विचारता त्याच्या ८५,००० प्रती छापल्या. कंपनीचा बचाव असा की फोटो म्हणजे समोर असलेल्या वस्तूची यांत्रिक नक्कल, त्यात लेखक कुणीच नाही. १८८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅरोनीच्या बाजूने निकाल दिला, आणि कारणं देताना एकेक गोष्ट मोजली. वाइल्डला बसवलं कसं, कपडे कोणते, मागचे पडदे कसे, उजेड-सावली कशी लावली, चेहऱ्यावर कोणता भाव आणवला. यंत्राने नक्कल केली हे मान्य, पण कशाची नक्कल करायची ते सॅरोनीने घडवलं होतं.

इथे मिलिंद खूष झाला. बसवणं, कपडे, पडदे, उजेड, हे सगळं तोही लिहितोच. फरक वैशालीनेच दाखवला आणि मला तो बरोबर वाटतो. सॅरोनीने पडदा डावीकडे सरकवला की फोटोत तो डावीकडेच येतो. मिलिंद ‘नंदी नको’ लिहितो आणि नंदी येतो. म्हणजे प्रश्न यंत्र वापरलं की नाही हा नाही. तुमचा निर्णय चित्रापर्यंत पोहोचतो का, हा आहे.

पण निर्णय अर्धवट पोहोचत असेल तर? याचं उदाहरण म्हणजे अमेरिकन कलावंत सॉल लेविट. १९६७ साली एका लेखात त्याने म्हटलं की संकल्पनाच कला घडवणारं यंत्र बनते. १९६८ पासून त्याने भिंतीवरची चित्रं सुरू केली. चित्र म्हणजे मुळात सूचना. एका भिंतीसाठीची सूचना साधारण अशी आहे: चार रंगांत, सरळ नसलेल्या आणि आखूड नसलेल्या रेषा, एकमेकींना छेदणाऱ्या, साऱ्या भिंतीभर सारख्या दाट. विकत घेणाऱ्याला सूचना आणि प्रमाणपत्र मिळतं, रेषा मारणारे दुसरेच असतात. लेविट २००७ साली वारला, तरी त्याच्या भिंती आजही नव्याने काढल्या जातात आणि त्या त्याच्याच मानल्या जातात.

“हा घे तुझा प्रॉम्प्ट,” मिलिंद म्हणाला.

खरं तर लेविट मिलिंदच्या बाजूचा पूर्ण साक्षीदार नाही. त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे की रेषा मारणारा माणूस सूचना आपल्या समजुतीप्रमाणे लावतो, आणि त्याला तशी मोकळीक दिलीच पाहिजे. त्याच्या भिंतींच्या पाटीवर ‘प्रथम कोणी काढलं’ त्यांचीही नावं लावली जातात. शिवाय त्याच्या सूचनेत नेमकं हेच ठरलेलं होतं की काय ठरवायचं नाही. रेषा कुठे वळावी हे त्याने मुद्दाम सोडलं होतं. नंदीचा प्रश्न मिलिंदने असा मोकळा सोडला नव्हता. नंदी यंत्राने परस्पर बसवला होता, आणि मिलिंदच्या नजरेतून निसटला होता.

नंदी आला कसा

यंत्र हे का करतं ते समजलं की वादाला अंग येतं, म्हणून इथे जरा थांबतो.

मजकुरावरून चित्र काढण्याचे प्रयोग २०१५ च्या आसपास दिसू लागले. तेव्हाची चित्रं ३२ गुणिले ३२ ठिपक्यांची, म्हणजे डाकतिकिटाहून पुसट. मोठा बदल ५ जानेवारी २०२१ रोजी झाला. ओपनएआय कंपनीने त्या दिवशी दोन गोष्टी जाहीर केल्या, वाक्यावरून चित्र काढणारं DALL·E आणि चित्राशी मजकूर ताडून पाहणारं CLIP. पैकी CLIP सर्वांना वापरायला खुलं केलं. इंटरनेटवरून गोळा केलेल्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर ते शिकवलेलं होतं. एखादं वाक्य आणि एखादं चित्र एकमेकांना किती जुळतात एवढंच ते सांगायचं. हौशी लोकांनी लगेच त्याला चित्र तयार करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमशी जोडलं. एकाने ठिपके हलवायचे, दुसऱ्याने ‘जवळ आलास, लांब गेलास’ म्हणायचं.

त्याच वर्षी लोकांच्या लक्षात आलं की वाक्याच्या शेवटी `unreal engine` लिहिलं की चित्र एकदम चकचकीत येतं. हे एका गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचं नाव. इंटरनेटवर ज्या चित्रांखाली हे शब्द असतात ती चित्रं चकचकीतच असतात, एवढंच कारण. त्यानंतर चित्रकारांच्या एका संकेतस्थळाचं नाव घेणारं `trending on artstation` आलं, मग जिवंत चित्रकारांची नावं टाकून त्यांची शैली उचलणं आलं, आणि भांडणंही आली. प्रॉम्प्ट लिहिण्याचं कौशल्य म्हणतात ते इथे जन्मलं. त्यातलं पुष्कळसं वर्णन करण्याचं कौशल्य नव्हतंच. लोक आपल्या चित्रांखाली काय लिहितात याचा तो अंदाज होता. मिलिंदला हे पटत नाही, पण मला ते तसंच दिसतं.

२२ ऑगस्ट २०२२ रोजी Stable Diffusion हे चित्रं काढणारं मॉडेल सर्वांसाठी खुलं झालं आणि घरच्या संगणकावर हे करता येऊ लागलं. मिलिंदने दिनदर्शिकेसाठी त्याच घराण्यातलं मॉडेल वापरलं होतं. त्यात चित्राची सुरुवात नुसत्या धूसर गोंधळाने होते, टीव्हीवर पूर्वी मुंग्या यायच्या तशी. कोणता गोंधळ घ्यायचा ते एका आकड्याने ठरतं, त्याला सीड म्हणतात. मग टप्प्याटप्प्याने तो गोंधळ कमी केला जातो. प्रत्येक टप्प्यावर यंत्र दोनदा अंदाज करतं, एकदा तुमचं वाक्य लक्षात घेऊन आणि एकदा वाक्याशिवाय. या दोन अंदाजांतला फरक वाढवून चित्र वाक्याच्या दिशेने ढकललं जातं. वाक्य तेच ठेवून सीड बदलला की दुसरंच चित्र येतं. देऊळ डावीकडे की उजवीकडे, पायऱ्या किती, आभाळ केवढं, यातलं बरंच काही वाक्याने ठरत नाही. ते त्या सुरुवातीच्या गोंधळाने ठरतं.

मिलिंदने पहिल्यांदा लिहिलेलं वाक्य असं होतं:

```
old stone Shiva temple above steep steps,
river ghat below, morning light, no nandi
```

इंग्रजीत का, हाही प्रश्न वैशालीने विचारला. त्या पिढीच्या मॉडेलला एका वेळी ७७ तुकड्यांपर्यंतचाच मजकूर घेता येतो, आणि देवनागरी शब्दांचे इतके बारीक तुकडे पडतात की दोनेक वाक्यांतच मर्यादा संपते. शिवाय मराठी मथळे असलेली चित्रं त्याच्या शिकवणीत फारच थोडी. नंतरच्या मॉडेलांना मराठी बरीच कळते, पण त्यांच्यात वेगळी गंमत आहे. २०२३ च्या DALL·E 3 पासून तुमचं वाक्य आधी दुसरा प्रोग्रॅम सविस्तर करून लिहितो आणि मग ते चित्राकडे जातं. म्हणजे लिहिणाराही एकटा राहिला नाही.

आता `no nandi`. लोक चित्राखाली जे आहे ते लिहितात. ‘या फोटोत बैल नाही’ असं कुणी लिहीत नाही. त्यामुळे ‘नाही’ या शब्दाचा चित्राशी संबंध यंत्राला धड शिकायलाच मिळालेला नाही. त्याच्या लेखी त्या वाक्यात देऊळ आहे, पायऱ्या आहेत आणि नंदी आहे. मिलिंदने नको म्हणूनच नंदीला आमंत्रण दिलं होतं.

हे कळल्यावर त्याने नंदीचं नावच काढून टाकलं. तरी नंदी काही चित्रांत आलाच, कारण शंकराच्या देवळांचे फोटो म्हणजे बहुतेक नंदीसकट फोटो. मग त्याने वेगळी चौकट वापरली:

```
prompt: old stone Shiva temple above steep steps,
        stone bathing tank below, morning light
negative prompt: nandi, bull, statue, boats
```

या दुसऱ्या ओळीचं काम वर सांगितलेल्या दोन अंदाजांशी जोडलेलं आहे. ‘वाक्याशिवाय’च्या अंदाजाऐवजी ‘नंदी, बैल’ असा अंदाज ठेवला जातो आणि चित्र त्यापासून लांब ढकललं जातं. `boats` घालावं लागलं कारण `ghat` शब्दाने वाराणसी येत होती, होड्या आणि छत्र्यांसकट. म्हणून त्याने तो शब्दही बदलला. या वेळी बैल गेला, पण काही चित्रांत त्याच्या जागी एक रिकामा चौथरा उरला. वैशाली म्हणाली, “बघ, नंदी उठून गेलाय, बैठक इथेच आहे.” शेवटी मिलिंदने तो भाग खोडून पुन्हा भरून घेतला, पायऱ्यांचा कोन हाताने सुधारला, आणि मग कुठे ते पान छापण्याजोगं झालं.

माझं मत इथे बनलं. वाक्य लिहिणं ही यातली लहान गोष्ट होती. मोठी गोष्ट होती आलेलं चित्र नाकारता येणं, आणि ते कपालेश्वर माहीत असल्याशिवाय जमत नाही. पुण्या-मुंबईचा एखादा डिझायनर पहिलं चित्र पाहून खूष झाला असता. त्याने चुकीचं चित्र छापलं असतं आणि त्याला कळलंही नसतं. पण मग त्या पानातली निर्मिती नंदी पाहताक्षणी हटकणाऱ्या वैशालीचीही झाली की नाही? यावर दोघंही हसले, पण उत्तर कुणी दिलं नाही.

कायदा काय म्हणतो

हे फार लांबवत नाही, कारण कायदा निर्मितीचं मोल ठरवत नाही, हक्क कुणाचा ते ठरवतो. तरी त्यात वादाचे दोन्ही पक्ष सापडतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत जेसन ॲलन याच्या, Midjourney हे असंच एक यंत्र वापरून केलेल्या चित्राला डिजिटल कलेच्या गटात पहिलं बक्षीस मिळालं. रक्कम ३०० डॉलर, गदारोळ जगभर. त्याचं म्हणणं असं की या चित्रासाठी त्याने किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट बदलले, मग फोटोशॉपमध्ये दुरुस्त्या केल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने नोंदणी नाकारली. यंत्राने केलेला भाग सोडून उरलेल्यावर हक्क सांग, असं त्याला सुचवलं होतं, ते त्याने मानलं नाही. जानेवारी २०२५ च्या अहवालात त्याच कार्यालयाने म्हटलं की नुसत्या प्रॉम्प्टने चित्रावर पुरेसा ताबा राहत नाही. पण माणसाने स्वतः काढलेलं रेखाटन आत घातलं असेल आणि ते निकालात दिसत असेल, किंवा माणसाने नंतर बदल केले असतील, तर तेवढ्यापुरता हक्क मिळू शकतो.

बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये उलट निकाल दिला. तिथल्या एका माणसाने Stable Diffusion ने तरुणीचं चित्र केलं होतं, दुसरीने ते न विचारता आपल्या लेखाला लावलं. हवं काय आणि नको काय याची निवड, आकडे बदलून पाहणं, मग सुधारणा, यात माणसाची बुद्धी आणि आवड दिसते असं न्यायालय म्हणालं. भरपाई ५०० युआन.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक कलम आलं. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण होण्यास जी व्यक्ती कारणीभूत ठरते ती. हे लिहिलं गेलं तेव्हा असली यंत्रं कुणाच्या स्वप्नातही नव्हती. ‘कारणीभूत’ कोण, वाक्य लिहिणारा, मॉडेल बनवणारा की पैसे देणारं गिऱ्हाईक, हे त्या कलमात उलगडलेलं नाही. मिलिंदला ते कलम फार आवडलं. वैशाली म्हणाली, “कारणीभूत तर अपघातालाही असतात.”

मग करायचं काय

वाद संपला नाही, पण अमेरिकी अहवालातलं ते रेखाटनाचं वाक्य वैशालीच्या डोक्यात राहिलं. तिने विचारलं, “माझं रेखाटन घालून तुझं यंत्र चालेल?” चालतं. २०२३ च्या सुरुवातीला ControlNet नावाची पद्धत आली. तीत रेषांचं चित्र दिलं की यंत्राला त्या रेषा धरून चालावं लागतं. देऊळ कुठे, पायऱ्या किती, हे मग सीडच्या हातात राहत नाही.

तिथून कल्पना निघाली. नाव ठरलं ‘नाशिकची स्मरणचित्रं’. विषय असे घ्यायचे की जे यंत्राला माहीत नसण्याची शक्यता जास्त. पहिला विषय रहाड. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन दगडी हौद उघडतात, त्यात रंगाचं पाणी भरतात आणि लोक काठावरून आत उड्या घेतात, त्याला धप्पा म्हणतात. वर्षाचे बाकी दिवस रहाड झाकलेली असते आणि वरून गाड्या जातात. मिलिंदने शब्द टाकून पाहिला तर जलतरण तलाव आला. वर्णन लिहिलं तर होळीची गर्दी आली, हौद नाही.

म्हणून प्रत्येक विषयाची चार चित्रं करायची. मिलिंदने आधी रहाडीत उतरलेल्या लोकांना विचारून मराठीत एक परिच्छेद लिहायचा. तोच परिच्छेद वैशाली शाळेतल्या मुलांना स्मरणचित्राचा प्रश्न म्हणून देणार, आणि त्यातलं एक चित्र निवडणार. तोच परिच्छेद, जसाच्या तसा, यंत्राला जाणार. तिसरं चित्र यंत्राचंच, पण मिलिंदने हवे तेवढे शब्द बदलून मिळवलेलं. चौथं वैशालीच्या रेखाटनावरून. चारही शेजारी लावायची आणि खाली पाटी: लिहिलं कोणी, काढलं कोणी, निवडलं कोणी, दुरुस्त कोणी केलं, कोणतं मॉडेल, कोणता सीड.

नाकारलेली चित्रंही लावायची, ही माझी भर. प्रत्येकाखाली नाकारण्याचं कारण एका ओळीत, ‘हा हौद नाही, जलतरण तलाव आहे’ या छापाचं. मिलिंद आधी तयार नव्हता, कारण आपली फसलेली कामं कोण दाखवेल. वैशाली म्हणाली की मुलांच्या बाद झालेल्या कागदांसाठीही तोच नियम लावू. मग तो तयार झाला.

एका मुद्द्यावर अजून एकमत नाही. मिलिंदला रहाडीचे वीसेक फोटो गोळा करून मॉडेलला वेगळं शिकवायचं आहे, म्हणजे त्याला रहाड ओळखता येईल. वैशालीचं म्हणणं, मग ते स्मरणचित्र कसलं, ती तर समोर ठेवून केलेली नक्कल. तूर्त तोडगा असा निघाला की रंगपंचमीआधीची सगळी चित्रं शिकवणीशिवाय करायची. रंगपंचमीला ती घेऊन रहाडीच्या काठावर जायचं, तिथे वर्षानुवर्षं रहाड उघडणाऱ्या मंडळींना दाखवायची आणि ते काय चुकलं म्हणतात ते लिहून घ्यायचं. फोटो त्याच दिवशी मिलिंद काढेल, शिकवणी त्यानंतर. कागदाला प्लॅस्टिकचं वेष्टण मिलिंदच्या दुकानातून मिळणार आहे. परिच्छेदाचा पहिला खर्डा वैशालीकडे आहे आणि तिने त्यातले अर्धे शब्द खोडून परत पाठवला आहे.